एका फ्रेममधलं तोंड: चालवलेला चेहरा कसा तपासायचा

सोलापुरात नवी पेठेत माझं व्हिडिओ एडिटिंगचं छोटं दुकान आहे. लग्न, बारसं, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक, असलं काम. अलीकडे मात्र गिऱ्हाईक आत येतं ते मोबाइल पुढे धरून: "दादा, हे खरं आहे का बघा की." दिवाळीच्या तोंडावर आलेला एक मोबाइल यंत्रमाग कामगारांच्या ग्रुपमधल्या एका पोराचा होता. व्हिडिओ अडतीस सेकंदांचा. त्यात एका कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, खुर्चीत बसून सांगत होते की यंदा बोनस मिळणार नाही. आवाज त्यांचाच वाटत होता, चेहरा तर त्यांचाच होता. पोराला फक्त "तोंड कसंतरीच दिसतंय" एवढंच जाणवलं होतं.

हे "कसंतरीच" नेमकं कुठे आणि कशामुळे, हे एका फ्रेमवरून कसं बघायचं, तेच इथे सांगतो. माझ्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्यांना मी असंच शिकवतो, आणि अण्णांचाच व्हिडिओ पुढ्यात ठेवतो.

आधी एक फरक पक्का करा. एका माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा चेहरा बसवणं म्हणजे फेस स्वॅप. अण्णांच्या बाबतीत चेहरा बदललेला नव्हता. चेहरा त्यांचाच ठेवून त्याला दुसऱ्याच कुणाच्या हालचाली किंवा दुसऱ्याच आवाजाची ओठांची हालचाल दिली होती. याला फेस रीइनॅक्टमेंट म्हणतात. कळसूत्री बाहुली तीच, दोऱ्या दुसऱ्याच्या हातात. त्यामुळे "नाक अण्णांसारखं आहे का, कपाळ जुळतं का" हे बघण्यात वेळ घालवू नका. ते जुळणारच. बघायचं ते हललेल्या भागात, म्हणजे मुख्यतः तोंडात आणि तोंडाभोवती.

तोंडाच्या आतच गडबड का होते

बंद तोंडाच्या फोटोत दात नसतात. एवढी साधी गोष्ट आहे, पण सगळं तिच्यावर उभं आहे. गाल, नाक, भुवया मूळ फोटोत दिसतातच, प्रोग्रॅमला त्या थोड्या ओढायच्या-ताणायच्या असतात. पण ओठ उघडले की आत जे दिसायला हवं, ते दात, हिरडी, जीभ, मूळ चित्रात बऱ्याचदा कुठेच नसतं. ते नव्याने तयार करावं लागतं, आणि तयार होतं ते हजारो तोंडं बघून काढलेलं सरासरी तोंड. सरासरी म्हटलं की कडा पुसल्या जातात.

ही अडचण जुनीच आहे. 2016 साली फेसटूफेस नावाची पद्धत आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी तोंडाचा आतला भाग नव्याने रंगवायच्या भानगडीत न पडता त्याच माणसाच्या त्याच व्हिडिओतल्या दुसऱ्या फ्रेममधून जुळणारं उघडं तोंड शोधून आणलं होतं. पुढे 2020 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी वेव्हटूलिप आणलं. त्याला कोणताही आवाज द्या, चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकून तो त्या आवाजाप्रमाणे नव्याने काढतो. पण चेहऱ्याची चौकट फक्त 96 गुणिले 96 पिक्सेलची. व्हिडिओत चेहरा मोठा असेल तर तेवढंसं चित्र ताणून वर चिकटवलं जातं. हा 96 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे अण्णांच्या दातांचा हिशेब करताना लागणार आहे.

फाइल कुठून घ्यायची

त्या पोराने मला आधी स्क्रीनशॉट दिला होता. स्क्रीनशॉट बघायचाच नाही. मोबाइलचा पडदा चित्र आपल्या मापात लहानमोठं करतो, तेव्हा कडा मऊ होतात, आणि मग ज्या मऊपणावरून आपण निकाल देणार तो पडद्याचा की प्रोग्रॅमचा हेच कळत नाही. व्हॉट्सॲपवर पुन्हा व्हिडिओ म्हणून पाठवला तरी फाइल लहान करायला तो परत दाबला जातो. म्हणून सांगायचं, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." आणि शक्य असेल तितकं मागे जाऊन, ज्याच्याकडे तो आधी आला त्याच्याकडून घ्यायचा.

अण्णांचा व्हिडिओ उभा, 720 गुणिले 1280, सेकंदाला 30 फ्रेमचा होता. हे ठीक आहे. माझा स्वतःचा नियम असा, की फ्रेममध्ये तोंडाची रुंदी, ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, चाळीसएक पिक्सेलपेक्षा कमी असेल तर तोंडाच्या आत बघायचंच नाही. तेवढ्यात खऱ्या माणसाचे दातही पांढरी पट्टीच दिसतात.

कोणती फ्रेम निवडायची

नवखा माणूस इथेच चुकतो. व्हिडिओ चालवतो, जिथे विचित्र वाटेल तिथे थांबवतो, आणि ती फ्रेम घेऊन बसतो. अशी फ्रेम बहुधा पापणी अर्धी मिटलेली किंवा मान वळतानाची असते, आणि त्या क्षणी खरा माणूसही विचित्रच दिसतो. फ्रेम डोळ्याने न निवडता कानाने निवडा.

मराठी बोलताना तोंड कधी काय करतं हे आपल्याला शिकावं लागत नाही, फक्त लक्ष द्यावं लागतं. आरशासमोर उभं राहून सावकाश "बोनस मिळणार नाही" म्हणा. "बो"च्या सुरुवातीला आणि "मि"च्या सुरुवातीला दोन्ही ओठ पूर्ण मिटतात. प, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत. "मिळणार"मधल्या "णा"ला आणि "नाही"मधल्या "ना"ला तोंड उघडतं, वरचे दात दिसतात, आणि मागे जीभ. "ळ" आणि "ण" म्हणताना जिभेचं टोक वर टाळूकडे वळतं, तोंड जरा उघडं असेल तर जिभेची खालची बाजू दिसते. मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषांत असे मूर्धन्य उच्चार आहेत, त्यामुळे सोलापुरात कोणत्याही गल्लीतल्या व्हिडिओला हे लागू पडतं.

म्हणजे दोन प्रकारच्या फ्रेम हव्यात. एक "आ"ची, जिच्यात आत बघता येतं. दुसरी "म" किंवा "ब"ची, जिच्यात ओठ मिटलेले असायलाच हवेत. दुसरीबद्दल एक सावधगिरी: फॉरवर्ड होत आलेल्या व्हिडिओत आवाज आणि चित्र दोन-तीन फ्रेमनी मागेपुढे झालेलं असतं. म्हणून "म"च्या मागच्या-पुढच्या तीन-तीन फ्रेम बघा. त्यांपैकी एकीतही ओठ मिटलेले नसतील तरच ते लिहून ठेवा.

अण्णांच्या व्हिडिओत "मिळणार"चा "णा" 14.2 सेकंदाला येत होता. फ्रेम काढायला मी एफएफएमपेग वापरतो, तो फुकट आहे:

```
ffmpeg -ss 14 -i clip.mp4 -t 0.5 -fps_mode passthrough f_%03d.png
```

चौदाव्या सेकंदापासून अर्ध्या सेकंदाच्या पंधरा फ्रेम निघतात. पहिली 14.0 ची, म्हणजे 14.2 ची सातवी, `f_007.png`. जेपेगमध्ये काढू नका, ते आणखी एकदा दाबतं. आणि तो `passthrough` गाळू नका. मोबाइलच्या व्हिडिओत फ्रेममधलं अंतर सारखं नसतं, ते भरून काढायला प्रोग्रॅम काही फ्रेम दोनदा काढतो. पुढे शेजारच्या फ्रेम ताडून बघताना अशी जुळी फ्रेम मध्ये आली की सगळा हिशेब चुकतो. एफएफएमपेग जुना असेल आणि हा शब्द ओळखत नसेल तर त्याच्या जागी `-vsync 0` लिहा.

मग तोंडाचा भाग कापून चौपट मोठा करायचा:

```
ffmpeg -i f_007.png -vf "crop=120:90:300:560,scale=iw*4:ih*4:flags=neighbor" mouth.png
```

`crop`मधले आकडे क्रमाने रुंदी, उंची, डावीकडून अंतर आणि वरून अंतर. ते प्रत्येक फ्रेमला वेगळे असतील, कोणत्याही चित्राच्या प्रोग्रॅममध्ये माउस नेऊन बघून घ्या. शेवटचा `neighbor` महत्त्वाचा. त्याने प्रत्येक पिक्सेलचा फक्त मोठा चौकोन होतो, मधलं काही भरलं जात नाही. एका पोराने हौसेने फोटो स्पष्ट करून देणाऱ्या ॲपमधून तोंड मोठं करून आणलं होतं. दात मोत्यासारखे! ते ॲपने काढलेले दात होते, अण्णांचे नव्हते आणि व्हिडिओतलेही नव्हते.

मोजपट्टी फ्रेममध्येच असते

आता "धूसर आहे" म्हणायच्या आधी विचारायचं, कशाच्या मानाने? कमी उजेडात काढलेला, चारदा फॉरवर्ड झालेला व्हिडिओ सगळाच धूसर असतो. म्हणून तोंडाची तुलना त्याच फ्रेममधल्या, कॅमेऱ्यापासून साधारण तितक्याच अंतरावरच्या गोष्टींशी करायची. अण्णांकडे सोय होती: सोनेरी काडीचा चष्मा, पांढरी मिशी आणि डोक्यावर गांधी टोपी. `f_007`मध्ये चष्म्याची काडी दोन पिक्सेलची स्वच्छ रेघ होती. भुवईचे केस सुटे मोजता येत होते. टोपीची शिवण दिसत होती. म्हणजे या फ्रेममध्ये बारीक तपशील टिकलेला आहे.

तोंडात मात्र वरच्या ओठाखाली एक सलग पांढरट पट्टी. दातांमधल्या उभ्या रेघा नाहीत. खाली तपकिरी-लाल गोळा, ज्याला ना जिभेचं टोक ना कडा.

इथे पहिली शंका यायलाच हवी: बोलताना तोंड हलतं, म्हणून धूसर झालं असेल. आणि या शंकेला फार चांगलं उत्तर आहे. वरचे दात हलत नाहीत. ते कवटीला जोडलेले असतात, बोलताना हलतो तो खालचा जबडा. तेव्हा डोकं स्थिर असेल, तर वरचे दात नाकाच्या दांडीइतके आणि चष्म्याइतकेच स्थिर असतात. चष्मा रेखीव आणि वरचे दात पुसट, असं हालचालीमुळे होऊ शकत नाही. खालचा ओठ, खालचे दात, जीभ पुसट असतील तर सोडून द्या, ते खरंच हलत असतात. त्यातही जबडा वर-खाली हलतो, म्हणून आडव्या कडा पुसल्या जातात, उभ्या कडा बऱ्यापैकी राहतात. नव्या माणसाने एकच गोष्ट शिकायची असेल तर मी ही सांगतो: वरचे दात बघा.

दुसरी शंका अंधाराची. तोंडाच्या आत उजेड कमी, आणि व्हिडिओ दाबताना अंधाऱ्या भागातला बारीक तपशील सगळ्यात आधी फेकला जातो. याचीही मोजपट्टी फ्रेममध्ये शोधायची: नाकपुडीची कड, कानाच्या आतली सावली, सदऱ्याच्या कॉलरखालचा काळोख. अण्णांच्या कॉलरखाली कापडाची घडी दिसत होती. तिथे तपशील उरला आणि दातांवर, जे मुळात उजळ असतात, तिथे उरला नाही.

तिसरी शंका रंगाची, आणि ती फसवी आहे. चौपट केलेल्या चित्रात ओठांचा लालसर रंग ओठांबाहेर कातडीवर एक-दोन पिक्सेल सांडलेला दिसतो. नवे लोक लगेच ओरडतात, "बघा, चिकटवलंय!" नाही. साधारण सगळ्याच मोबाइल व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्या पिक्सेलांचीच. त्यामुळे लाल रंग सगळीकडेच सांडतो. अण्णांच्या कपाळावरच्या कुंकवाच्या टिळ्याभोवतीही सांडला होता. शंका आली तर चित्र काळं-पांढरं करून बघा, रंगाचा सडा निघून जातो आणि खरी कड राहते.

आता तो हिशेब. `f_007`मध्ये अण्णांच्या चेहऱ्याची चौकट साधारण 290 पिक्सेलची होती. समजा ती 96 च्या चौकटीतून ताणून आणली असेल, तर ताण जवळपास तिप्पट. तोंडाची रुंदी 84 पिक्सेल, म्हणजे मुळात 28. त्यात वरचे सहा दात दिसणारी जागा 50 पिक्सेल, मुळात 17. सहा दातांना सतरा पिक्सेल, म्हणजे एका दाताला तीनही नाहीत. त्यात मधली रेघ कुठून येणार? पांढरी पट्टी अशी तयार होते. पण म्हणून "हे वेव्हटूलिपनेच केलंय" असं कधीही लिहू नका. फ्रेमवरून साधनाचं नाव सांगता येत नाही. एवढंच म्हणता येतं की तोंडाचा भाग बाकी चेहऱ्यापेक्षा बऱ्याच कमी बारकाव्याने तयार झालेला दिसतो.

याची उलटी बाजूही आहे. आता बरेच जण चेहरा चालवून झाल्यावर तो जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारख्या चेहरा दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढतात. मग धूसर पट्टी जाऊन रेखीव, एकसारखे, जाहिरातीतले दात येतात. तिथे खूण उलटी शोधायची: दात मिशीच्या केसांपेक्षा जास्त रेखीव का आहेत? गालावर कॅमेऱ्याची खरखर आहे, ती ओठांच्या आसपास एकदम गुळगुळीत का झाली? आणि सगळ्यात साधं: हे दात या माणसाचे आहेत का? अण्णा पन्नास वर्षं तंबाखू खाताहेत. त्यांच्या दातांच्या फटींत तपकिरी रेघा आहेत आणि वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट आहे. आमच्याकडे निम्म्या गावाचे दात असेच ओळखू येतात, तपासणाऱ्याला तेवढाच फायदा.

कडा, आणि एका फ्रेममध्ये न दिसणारी थरथर

तोंडाच्या आत झालं की कडांकडे या. कडा कुठे शोधायच्या हे चेहरा कसा चालवलाय त्यावर ठरतं. फक्त खालचा अर्धा चेहरा नव्याने काढला असेल तर जोड गालांवरून, नाकाखालून आणि हनुवटीच्या रेषेवरून जातो. एकाच फोटोवरून अख्खं डोकं चालवलं असेल तर तोंडाभोवती जोड नसतो. तिथे कानाजवळची भिंत, दाराची चौकट, कानातलं, चष्म्याची काडी, पदराची किनार वाकलेली दिसते, कारण डोकं ओढताना शेजारचं चित्रही ओढलं जातं.

अण्णांची मिशी इथे कामाला आली. वरची बाजू, नाकाच्या लगतची, केस न केस सुटा. खालची बाजू, ओठावर येणारी, कापसासारखी. मिशीचे केस एकाच लांबीचे, एकाच उजेडात, आणि वरचा ओठ फारसा हलतही नाही. मग बरोबर मध्यातून आडवी रेघ मारल्यासारखा फरक का? डाव्या गालावर तीच रेषा पुढे चालू होती: वर कातडीची रंध्रं आणि खरखर, खाली मेण. हनुवटीच्या डाव्या बाजूला कड दुहेरी होती, एक खरी हनुवटी आणि तिच्या बाहेर तीन पिक्सेलांवर तिची फिकट सावली.

आता "कडा थरथरतात" याबद्दल. थरथर ही वेळेतली गोष्ट आहे, ती एका फ्रेममध्ये दिसूच शकत नाही. एका फ्रेममध्ये दिसतो तो तिचा गोठलेला क्षण: कड एके ठिकाणी कडक आणि बोटभर अंतरावर मऊ, किंवा वरच्यासारखी दुहेरी. म्हणून एका फ्रेमचं परीक्षण करतानाही तिच्या दोन्ही शेजारणी जवळ ठेवायच्या, `f_006` आणि `f_008`. तिन्ही चित्रं एकावर एक ठेवून, चष्म्याचा नाकावरचा पूल एकाच जागी येईल असं जुळवून, झपझप बदलून बघायची. अण्णांच्या तीन फ्रेममध्ये चष्म्याचा पूल एक पिक्सेलही सरकला नाही. हनुवटीची डावी कड मात्र 6 मध्ये आत, 7 मध्ये तीन पिक्सेल बाहेर, 8 मध्ये परत आत. हाडाची कड एका सेकंदाच्या पंधराव्या भागात बाहेर जाऊन परत येत नाही. असं होण्याचं कारण बहुधा हे, की प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्याची चौकट नव्याने शोधतो, ती दर वेळी जराशी इकडेतिकडे पडते आणि चिकटवलेला तुकडाही तिच्याबरोबर सरकतो.

इथे मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, ते सांगतो. एका लग्नातल्या भाषणाचा व्हिडिओ मी "चालवलेला" म्हणून सांगून मोकळा झालो. गालाची कड दर काही सेकंदांनी टुणकन बदलत होती. तो पूर्ण खरा होता. मोबाइलमधला चेहरा उजळवणारा फिल्टर चालू होता, म्हणून कातडी मेणासारखी, आणि दाबलेल्या व्हिडिओत ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम येते, तिच्या क्षणी सगळं चित्र ताजं होतं, ती टुणकन उडी. ज्या काकांचं भाषण होतं त्यांनी नंतर मला वर्षभर "शास्त्रज्ञ" म्हणून हाक मारली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बघितल्याशिवाय कडांबद्दल बोलत नाही. एक, आपल्या तीन फ्रेमपैकी कुठली पूर्ण फ्रेम आहे का:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time,pict_type -of csv=p=0 clip.mp4
```

यादीत वेळेपुढे `I`, `P` किंवा `B` येतं. `I` म्हणजे पूर्ण फ्रेम. `P` आणि `B` शेजारच्या फ्रेमवरून बांधलेल्या असतात. दोन, कड बदलली त्याच क्षणी मागची भिंतही बदलली का? दाबण्यामुळे झालेली उडी भिंत, कॅलेंडर, खुर्ची सगळीकडे एकदम दिसते. तोंडावर चिकटवलेला तुकडा भिंतीला हात लावत नाही. आणि फिल्टरचं मेण कपाळापासून हनुवटीपर्यंत सारखं असतं, मिशीच्या मध्यावर थांबत नाही. अण्णांच्या तिन्ही फ्रेममध्ये `I` नव्हती, मागचं कॅलेंडर जसंच्या तसं होतं, आणि कपाळावरच्या सुरकुत्या स्वच्छ होत्या.

काय लिहायचं

खरं-खोटं असं दोन शब्दांत लिहू नका. मी तीनच उत्तरं ठेवतो: खूण दिसते, खूण दिसत नाही, सांगता येत नाही. "खूण दिसत नाही" म्हणजे खरा, असा अर्थ कुणी लावू नये म्हणून तेही खाली लिहितो. चांगल्या साधनाने, मोठ्या चौकटीत केलेल्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये काहीच सापडत नाही. प्रत्येक खुणेपुढे तिचं दुसरं साधं कारण काय असू शकेल आणि ते का बसत नाही, हेही लिहायचं. त्या पोराला मी दिलेला कागद असा होता:

"14.2 सेकंद, सातवी फ्रेम. वरचे दात सलग पट्टी, मधल्या रेघा नाहीत. चष्मा आणि भुवया रेखीव, म्हणून डोकं हलल्याने झालेलं नाही. मिशीची वरची बाजू सुटी, खालची पुसट, हीच सीमा डाव्या गालावर. हनुवटीची डावी कड दुहेरी, शेजारच्या फ्रेममध्ये तीन पिक्सेल सरकते, मागचं कॅलेंडर सरकत नाही. 'मिळणार'च्या 'म'ला मागच्या-पुढच्या तीन-तीन फ्रेममध्ये ओठ मिटत नाहीत. खूण दिसते: नाकाखालचा भाग नव्याने काढलेला असावा. आवाजाबद्दल काही सांगत नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. फ्रेमवरून आवाजाचं काही कळत नाही.

कागद घेऊन पोरगं अण्णांच्या कारखान्यावर गेलं. अण्णांच्या नातवाकडे जानेवारीतला व्हिडिओ निघाला: तीच खुर्ची, तेच कॅलेंडर, टोपीचा तोच कल, तोच टिळा, आणि अण्णा सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या शुभेच्छा देत होते. त्यात "यात्रा"च्या "त्रा"ला वरच्या दोन दातांतली फट स्पष्ट दिसते. निकाल खऱ्या अर्थाने त्या व्हिडिओने लावला, माझ्या फ्रेमने फक्त कुठे शोधायचं ते दाखवलं.

त्याच संध्याकाळी पोराने आणखी एक व्हिडिओ आणला, दुसऱ्या एका मालकाचा, सभेत लांबून काढलेला. तोंडाची रुंदी 26 पिक्सेल. मी वही उघडली, फाइलचं नाव आणि मोजमाप लिहिलं, पुढे "सांगता येत नाही" लिहिलं आणि दुकान वाढवलं.